घंटागाडीची जिंगल: दोन ओळी पुरेत

> घोषवाक्यं भरपूर सुचली, पण गाडीवर लावायची जिंगल कानात बसत नाहीये. काय चुकतंय?

मात्रा मोजा. कहरवा तालाच्या 8 मात्रांत अर्धी ओळ बसली की पोरंसुद्धा गुणगुणतात. ‘वर्गीकरण करून द्या’ मोजलंत तर 13 भरतात, म्हणून जीभ अडखळते. हे पाहा:

घंटा वाजे, गाडी आली
ओला कचरा आणा खाली

प्रत्येक अर्धुक 8 चं, यमकही आपसूक. सुका कचरा राहिलाच, पण तो ओढूनताणून चालीत कोंबू नका. दोन ओळी गाऊन झाल्या की ताल थांबवून नुसतं बोला: ‘ओला हिरव्यात, सुका निळ्यात!’ हेच चार शब्द भिंतीवर रंगवा. दुचाकीवरून जाणाराही वाचतो, आणि ऐकलेलं-वाचलेलं एकच राहतं.

सगळं आवर्तन 10 सेकंदांत संपवा. गाडी पुढे सरकत असते, लोकांना मधलाच तुकडा ऐकू येतो; लांब गाण्यात सूचना निसटतेच. प्रभागाचं, नगरसेवकांचं नाव त्यात नकोच.

भोंग्यातून ढोलकीचा धुम्म येत नाही, नुसती खरखर येते. ठेका टाळ्या किंवा खंजिरीवर धरा. रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर दुसऱ्या खोलीतून ऐका. ‘आणा’ स्पष्ट कळलं नाही तर वाद्यं कमी करा.