पांढऱ्या पेपरवरची क्रीम पैठणी: कलर रेंज पुरते की पेन टूलच हवं?

कॉलेजरोडकर: येवल्याच्या एका दुकानाचा कॅटलॉग करतोय. साड्या पुतळ्यावर नेसवून पांढऱ्या पेपरवर शूट केल्या. फोटोशॉपमध्ये Color Range ने पांढरं निवडून डिलीट करतो. लाल, मोरपंखी साड्या झकास निघाल्या, पण क्रीम पैठणीला मधेच भोकं पडतात. सोबतचा दादा म्हणतो, पेन टूल घे, बाकी सगळा टाइमपास. तुमचं मत काय?

सिडको_क्लिक: Fuzziness खाली आण, 15-20 वर. भोकं बंद होतील. एवढ्यासाठी पेनने साडीची चूण न् चूण कापत बसायचं म्हणजे रात्र जाईल. कॅटलॉगला तेवढे पैसे देतं कोण?

जुना_डार्करूमवाला: भोकं कमी होतील, पण मग पेपरच अर्धा शिल्लक राहील. पेपर डोळ्यांना एकसारखा दिसतो, असतो कुठे? Info पॅनल उघडून कर्सर फिरवा. अशा फोटोत खांद्यामागे 246 च्या आसपास आणि पायाजवळ, जिथे लाइट पोचत नाही, तिथे 228 वगैरे दिसेल. क्रीम कापड उजेडात 247, 242, 226 आणि चुणीत त्याहून खाली. म्हणजे पूर्ण पेपर घ्यायला जेवढी रेंज लागते, तिच्यातच साडी येऊन बसते. कलर रेंज फक्त रंग बघतं. तो पदराचा की पेपरचा, हे त्याला कळत नाही.

आणि दिसतात त्यापेक्षा भोकं जास्त असतात. सिलेक्शनची चालती तुटक रेघ निम्म्याहून जास्त निवडलेल्या पिक्सेलभोवतीच फिरते. जे 30-40 टक्के निवडलेत ते रेघेबाहेर दिसतात, पण डिलीट दाबलं की तेही तेवढे विरळ होतात. पांढऱ्यावर कळत नाही. खाली गडद निळा लेयर टाकून बघा, काठात निळं झिरपलेलं दिसेल. म्हणून डिलीट न करता मास्क लावा, मागे फिरता येतं.

पासपोर्ट_फोटो_सीबीएस: आमच्याकडे पांढरा शर्ट घालून आलेल्या गिऱ्हाइकाला काळा कोट देतो. विषय संपला 😄

कॉलेजरोडकर: भाऊ, पैठणीला कोट कसा घालू? 😅 दादा, मग कलर रेंज सोडूनच द्यायचं का?

जुना_डार्करूमवाला: नाही. आधी लॅसोने साडीच्या कडेकडेने, थोडं आतवर येणारं सैल सिलेक्शन करा, बाहेरचा सगळा पेपर त्यात घ्या. मग Select > Color Range उघडा. ते आधीच्या सिलेक्शनच्या आतच शोधतं, त्यामुळे साडीच्या पोटातली जरी कितीही चमकली तरी हात लागत नाही. भोकांचा प्रश्न तिथेच संपतो. उरते कड. खांद्याजवळ पेपर 246 आणि कापडाचा निळा चॅनल 226, म्हणजे फरक आहे. तिथे निळ्या चॅनलची कॉपी करून लेव्हल्सने ताणली की कड मिळते, कारण क्रीम रंगात निळा कमी असतो. पायाजवळ पेपरच 228 वर आलाय. दोन पॉइंटच्या फरकावर कुठलंही सिलेक्शन उभं राहत नाही. तेवढा निऱ्यांचा भाग पेनने काढा.

सिडको_क्लिक: म्हणजे शेवटी पेनच! मग सुरुवातीपासून पेन का नको? आणि खरं सांगू का, क्रीम साडी पांढऱ्यावर शूट करणं हीच चूक. ग्रे पेपर लावा, कलर रेंज एका फटक्यात काम करेल.

पदर_आणि_पिक्सेल: ग्रेवर मी चंदेरी जरीच्या पैठण्या केल्यात. जरी आरशासारखी वागते, समोर जे असेल ते दाखवते. काठाच्या वळणावर ग्रे पेपरच उतरतो आणि कलर रेंज काठ खातं. हिरवा लावला तर हिरवी झाक येते. क्रीमसाठी ग्रे बराच बरा, हे मान्य. पण प्रत्येक साडीला चालेल असा पेपर मला तरी सापडला नाही. मी पुतळा पेपरपासून सात-आठ फूट पुढे आणते आणि पेपरवर वेगळा लाइट टाकते. खालपर्यंत सारखा उजेड पडला की ते 228 चं दुखणं निम्मं जातं.

जुना_डार्करूमवाला: लाइटचं बरोबर आहे, फक्त जास्त मारू नका. पेपरवरून उजेड परत येऊन खांद्याची कड धुऊन टाकतो. कड 255 झाली की पेननेसुद्धा अंदाजानेच कापायचं.

सिडको_क्लिक: आणि पदराचे गोंडे? तिथे पेन चालवून दाखवा. एकेक दोरा कापणार का?

जुना_डार्करूमवाला: गोंडे मी चॅनलने काढतो. क्रीम गोंडे खालच्या अंधाऱ्या पेपरवर आले तर मात्र निम्मे दोरे जातात.

पदर_आणि_पिक्सेल: मी तर गोंडे पुतळ्यावरच पदराखाली दुमडते. दुकानदाराला गोंडे हवेच असतील, तर तेवढे काळ्या कापडावर वेगळे शूट करून जोडते.

कॉलेजरोडकर: पुतळा अजून स्टुडिओतच आहे. क्रीमवाल्या चार साड्या उद्या ग्रेवर परत घेतो. बाकीच्या लॅसो लावून काढल्या, निळा लेयर टाकून बघितलं तर मोरपंखीच्या रुपेरी काठातपण दोन ठिकाणी झिरपलंय!