मदत हवी आहे: राजीनामा दिल्यानंतर नव्या कंपनीने ऑफर मागे घेतली

नव्या कंपनीचे ऑफर लेटर सही करून परत पाठवल्यावर, आणि रुजू होण्याची तारीख त्यांनी ईमेलने पक्की केल्यावरच, मी सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला. 60 दिवसांच्या नोटीस पिरियडपैकी 23 दिवस उलटले असताना काल त्यांचा दोन ओळींचा ईमेल आला: 'हे पद रद्द झाल्यामुळे आम्ही ऑफर मागे घेत आहोत.'

पत्र पुन्हा बारकाईने वाचले. ऑफर पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीवर अवलंबून राहील, अशी एकच अट त्यात आहे, आणि ती पडताळणी पूर्ण झाल्याचा त्यांचा ईमेल माझ्याकडे आहे. म्हणजे माझ्याकडून काही राहिले असे दिसत नाही.

राजीनामा मागे घेण्याची लेखी विनंती आजच करावी, असे मला वाटते, कारण माझ्या जागी दुसऱ्याची निवड झाली की ती वाट बहुधा बंद होईल. परंतु माझा राजीनामा ईमेलने स्वीकारला गेला आहे. अशा वेळी विनंती मान्य करणे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर असते का? साहेबांशी आधी तोंडी बोलावे की थेट एचआरला लिहावे?

दुसरे असे की, त्यांच्या लेखी शब्दावर विसंबून मी नोकरी सोडली, या मुद्द्यावर नव्या कंपनीकडे नुकसानभरपाई मागता येते का? जुनी नोकरी परत मिळाली तर ही मागणी कमकुवत होईल का? ज्यांनी प्रत्यक्ष असा पत्रव्यवहार केला आहे, त्यांनी कृपया सांगावे.