हातगाडी विनानोटीस उचलली, सोडवायला पाच हजार: कायद्यात बसतं का?

मावशीचा_भाचा, ठाणे: मंगळवारी संध्याकाळी मावशीची भाजीची हातगाडी अतिक्रमण पथकाने उचलून नेली. नोटीस नव्हती. गाडीवर वजनकाटा, टोमॅटोचे दोन क्रेट आणि कोथिंबीर होती. पावतीवर फक्त ‘हातगाडी १, भाजी’ लिहिलंय. सोडवायला ५,००० रुपये मागतायत. मावशीचं नाव फेरीवाला सर्वेक्षणात आहे, प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. हे कुठल्या कायद्याने?

गोखलेरोडकर: महापालिका अधिनियम, १९४९, कलम २३१. रस्त्यावर ठेवलेली वस्तू आयुक्त विनानोटीस हटवू शकतात, आणि ते योग्यच आहे. माझी आई वॉकर घेऊन चालते. संध्याकाळी गोखले रोडच्या फुटपाथवर तिला पाऊल टाकायला जागा नसते, शेवटी रिक्षांच्या मधून रस्त्यावर उतरावं लागतं. तिला नोटीस कोण देतं?

घणसोली_पल्याड: आता विनानोटीस काहीच पाडता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. सरळ कोर्टात जा.

जुना_कारकून: तो निकाल बांधकामं पाडण्याबद्दल आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा इथली अनधिकृत बांधकामं त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. तो घेऊन गेलात तर पहिल्याच मिनिटाला परत पाठवतील.

मावशींचा आधार २०१४ चा पथविक्रेता कायदा. तो केंद्राचा आहे आणि त्याच्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांपेक्षा वरचढ आहे, असं कलम ३३ सांगतं. कलम ३ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवायचं नाही. त्यानंतरही हटवायचं तर तीस दिवसांची नोटीस, आणि ती मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तरच माल जप्त. जप्त केला की यादी करायची आणि अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायची. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत.

म्हणजे तुमची पावतीच बोलते. ‘भाजी’ ही यादी नव्हे. किती क्रेट, काटा कुठल्या कंपनीचा, काहीच नाही. उद्या काटा परत मिळाला नाही तर तो गाडीवर होता हे सिद्ध कशाने करणार?

वाशी_दुकान: आमच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत मी पत्र्याची शेड टाकली, त्याचीही नोटीस आली. हा कायदा मला लागू होईल का?

जुना_कारकून: नाही. ती इमारतीच्या भूखंडातली सामासिक जागा आहे, रस्ता नव्हे. तुमची नोटीस बहुधा नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची असेल, तिचं उत्तर मुदतीत द्या.

गोखलेरोडकर: कायद्याचं पाठांतर ठीक. पण सर्वेक्षण वर्षानुवर्षं पूर्ण होत नाही, म्हणून कोणालाच हटवायचं नाही? मग काल संध्याकाळी पहिल्यांदा गाडी लावलेला माणूसही सुरक्षित. यात चालणाऱ्याचा काय गुन्हा?

जुना_कारकून: ही तुमची बाजू खरी आहे आणि तिचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. सर्वेक्षणाच्या यादीत नाव नसलेल्याला कितपत संरक्षण मिळतं यावर वकीलही दोन्ही बाजूंनी बोलतात. पण मावशी यादीत आहेत.

पाच हजारांकडे बघा. प्रमाणपत्राशिवाय विक्री केली तरी या कायद्यातला दंड कमाल दोन हजार. माल सोडवण्याचं शुल्कही या कायद्याखालच्या योजनेत ठरलेलं असावं लागतं, काउंटरवर ठरवायचं नसतं. ‘आमच्या ठरावाप्रमाणे’ असं म्हणाले तर ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागा. ठराव म्हणजे उपविधी नव्हे. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५८ खालचा उपविधी करायचा तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि राज्य सरकारची मंजुरी घ्यावी लागते. या वाटेने न गेलेली रक्कम दंड म्हणून पावतीवर यायला लागली, की घोळ होतोच. हरकतींची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि जिच्या गाडीवर ती लागू होणार तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मी नोकरीत असताना बघितलंय. त्याची खंत मला आजही वाटते.

गोखलेरोडकर: दंड कमी असेल तर कमी घ्या, पण फुटपाथ मोकळा हवाच. सकाळी उचललेली गाडी संध्याकाळी तिथेच दिसते. पावती नीट असो वा नसो.

घणसोली_पल्याड: तक्रार कुठे करायची मग?

जुना_कारकून: पथविक्रेता कायद्याच्या कलम २० प्रमाणे तक्रार निवारण समिती असते, तिच्यावर माजी न्यायाधीश अध्यक्ष. तिथे लेखी अर्ज, सोबत पावतीची प्रत. पण त्याआधी आजच गाडीची लेखी मागणी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दोन दिवस तिथून मोजले जातील.

मावशीचा_भाचा: आताच जाऊन आलो. पावतीवर कलमाचा रकाना कोराच आहे, विचारल्यावर म्हणाले ‘साहेब आले की भरतील’. आवक शिक्का मिळाला, तारखेसकट. कोथिंबीर सडली होती, टोमॅटोचा एकच क्रेट दिसला. ठरावाचा क्रमांक सोमवारी सांगतो म्हणाले.