मदत हवी आहे: कुर्त्याचा गळा उलटवल्यावर गोलाईत कोन पडतात

रेवा_शिवण
गोल गळ्याच्या कुर्त्याला पुढे बटणपट्टी लावली आणि नंतर गळ्याला आतून फेसिंग शिवले. उलटवून इस्त्री केल्यावर गोलाईत जागोजागी कोन दिसतात आणि फेसिंग बाहेर डोकावते. रविवारी कुर्ता द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

सुईदोरा
कापड कोणते आहे, शिवणीबाहेर किती कापड ठेवले आणि काप किती दिले, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बंडूकाका
फेसिंगला जाड बकरम लावा, गळा ताठ उभा राहील. मी माझ्या बंद गळ्याच्या कुर्त्याला तेच लावतो.

सुईदोरा
काका, तो कॉलर झाला. इथे गळा अंगावर सपाट बसायला हवा. फेसिंगला आधार हवा हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण पातळ चिकट कॅनव्हास पुरे.

रेवा_शिवण
कापड रेयॉन आहे. शिवणीबाहेर अर्धा इंच सोडला असून चार-पाच काप दिले आहेत. फेसिंग उरलेल्या तुकड्यातून जसे बसेल तसे कापले.

सुईदोरा
मग कोनांचे कारण कळले. गळ्याच्या शिवणीबाहेरच्या कापडाची कड शिवणीपेक्षा आखूड असते आणि उलटवल्यावर तिला मोठ्या गोलाईवर पसरावे लागते, त्यामुळे दोन कापांमधला भाग ताणून सरळ होतो आणि कापापाशी कोन पडतो. ते कापड पाव इंचावर आणा आणि दर अर्ध्या इंचाला, टाक्याच्या एक-दोन धागे अलीकडे थांबणारा काप द्या. यासाठी शिवण उसवावी लागणार नाही. त्यानंतर ते कापड फेसिंगकडे वळवून, फेसिंगच्या सुलट बाजूने शिवणीला अगदी लागून दाब शिलाई मारा, म्हणजे फेसिंग आतच राहील. पट्टीच्या कोपऱ्याअलीकडे इंचभर मात्र मशीन पोचत नाही, तिथे हाताने टाके घाला.

माई_परदेशी
काप शिवणीपर्यंत गेले, तर रेयॉन उसवेल. मी काप देतच नाही, नुसते कापड बारीक कापते.

सुईदोरा
सुती कापडाच्या उथळ गळ्याला ते चालते, खोल गोलाईला नाही. शिवाय रेयॉनचा गळा कापताच उरेब भागावर ताणला जातो, म्हणून कापल्याबरोबर कडेला एकेरी शिलाई मारावी आणि फेसिंग कुर्त्याच्याच धाग्याच्या दिशेने कापावे. रेवाताई, कागदी नमुना गळ्यावर ठेवून पाहा; गळा मोठा झाला असेल, तर केवळ कापांनी भागणार नाही.

रेवा_शिवण
काप दिल्यावर कोन गेले. नमुन्याशी ताडून पाहिले, तर गळा डाव्या बाजूला थोडा मोठा झाला आहे आणि बटणपट्टीची दोन टोके एका पातळीत येत नाहीत. पट्टी उसवावी की टोकच खाली घ्यावे?

बंडूकाका
मी म्हणतो, बकरमच लावा.