प्रतिसाद: पेटी सुषिर कशी?

> «पेटीत पितळी पट्ट्याच वाजतात ना? मग ती घनवाद्यात का नाही?»

घन म्हणजे ज्याचं अंगच कंप पावून वाजतं ते, आणि सुषिर म्हणजे हवेच्या कंपाने वाजणारं वाद्य. पट्टी आहे म्हणून घन, असं होत नाही. आधी कंप कशाला सुटतो ते बघायचं. पेटीचं वरचं झाकण काढून एखादा सूर (ती पितळी पट्टी) नखाने छेडून बघा, अगदी बारीक टिंग ऐकू येईल. भाता मारला की तीच पट्टी आपल्या खाचेत वरखाली होत हवेचा झोत सेकंदाला शेकडो वेळा तोडते, आणि मोठा आवाज येतो तो त्या तुटक हवेचा. म्हणून सुषिर. चीनमधलं शंग हे बांबूच्या नळ्यांचं वाद्यही याच जातीचं.

आता झिंबाब्वेतल्या शोना लोकांचं म्बिरा घ्या. त्यातही धातूच्या पट्ट्याच, पण अंगठ्याने छेडायच्या. तिथे हवेचा झोत नाही, पट्टी स्वतःच वाजते. ते घन.

कातड्याचंही तसंच. बँजोवर कातडं ताणलेलं असतं, पण कंप तारेत सुरू होतो आणि कातडं तो फक्त मोठा करतं, म्हणून ते तंतुवाद्य. तबल्यात मात्र कातडंच मूळ, म्हणून ते अवनद्ध, म्हणजे चर्मवाद्य.

खरी पंचाईत तुणतुण्याची. त्याची तार थेट तळाच्या कातड्यातून ओवलेली असते. १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी आपल्या वाद्य-वर्गीकरणात अशी वाद्यं ‘छेडायचे ढोल’ म्हणून चर्मवाद्यांत टाकली. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर हरकत घेतली: स्वर बदलतो तो तारेच्या ताणाने, मग हे तंतुवाद्यच. मलाही हेच पटतं.