भरतीच्या भागातून एकच प्रश्न

«भरती-ओहोटीवरच्या कार्यक्रमाचा दोन तासांचा भाग ऐकला, संध्याकाळच्या वर्गात चर्चेला काय घ्यावे?»

आमच्या रत्नागिरीच्या वर्गात मी ‘भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते?’ एवढेच विचारले. सकाळी ६.१० ची भरती संध्याकाळी ६.३५ च्या सुमारास आणि दुसऱ्या दिवशी सातला येते, हे होडीवाल्यांना तोंडपाठ असते. परंतु २४ तासांत चंद्र सूर्याच्या मानाने सुमारे १२ अंश पुढे सरकतो आणि त्याला गाठण्यासाठी पृथ्वीला तेवढे जास्त फिरावे लागते, हे वाळूत आकृती काढल्यावरच पटले. ‘चंद्र पाणी ओढतो’ यावरच कोणी थांबले, तर दिवसात दोन भरत्या कशा, हे विचारावे; चंद्रापासून पलीकडच्या बाजूच्या पाण्यावर ती ओढ पृथ्वीच्या केंद्रावरच्या ओढीपेक्षा कमी असते, म्हणून तिथेही भरती येते, हे या प्रश्नातूनच निघते.