'अधिक श्रावण पौर्णिमा' आणि 'क्षय तिथी': तिथीने वाढदिवस कधी?

रेवती: मुलीचा जन्म ३१ जुलै २००४, दुपारचा. पत्रिकेत 'अधिक श्रावण पौर्णिमा' आहे. घरी तिथीने औक्षण करतो. यातला 'अधिक' धरायचा की सोडायचा?

दादा_वाईकर: अधिक महिना तीन वर्षांनी येतो, म्हणजे तिची तिथीही तीन वर्षांनी. मधे तारखेने करा.

गणकमास्तर: तीन वर्षांचं ढोबळमानाने बरोबर, पण दर वेळी महिना वेगळा असतो. २०२० ला आश्विन होता, २०२३ ला श्रावण, २०२६ ला ज्येष्ठ. २००४ नंतर अधिक श्रावण थेट २०२३ लाच आला. एरवी निज श्रावण पौर्णिमा धरतात, म्हणजे राखीपौर्णिमा. ती २०२४ ला १९ ऑगस्टला होती, २०२५ ला ९ ला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तारीख दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२६ ला मधे अधिक ज्येष्ठ शिरतो आणि ती एकदम २८ ऑगस्टवर जाते.

रेवती: पण अमकाच महिना अधिक, हे कोण ठरवतं?

गणकमास्तर: सूर्य. दोन अमावास्यांच्या मधे त्याने रास बदलली नाही, की तो महिना अधिक. २०२३ चंच बघा. सूर्य १७ जुलैला पहाटे कर्केत गेला आणि त्याच मध्यरात्री अमावास्या संपली. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी संपली, सिंह संक्रांत मात्र १७ ला. एका दिवसाने हुकली!

सुमनताई: आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध अधिकात येतंय, क्षय तिथी म्हणजे तीच ना?

गणकमास्तर: ताई, श्राद्धातला 'क्षयाह' म्हणजे निधनाचा दिवस. पंचांगातली क्षय तिथी वेगळी. दिवसाला नाव मिळतं सूर्योदयाच्या तिथीचं. चंद्र पृथ्वीजवळ असला की वेगाने पळतो आणि तिथी वीसेक तासांत आटोपते. समजा सूर्योदय ६:३० ला, तिथी ६:५० ला लागली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला संपली. तिला एकही सूर्योदय मिळाला नाही. दिनदर्शिकेच्या चौकोनात तिचा आकडा दिसत नाही, पण ती असते. पंचांगात समाप्तीची वेळ पाहिली की सापडते. श्राद्धाचं मात्र गुरुजींनाच विचारा, अधिकातले नियम निराळे आहेत.

दादा_वाईकर: मग क्षय तिथीचा वाढदिवस आदल्या दिवशी की नंतर?

गणकमास्तर: ती ज्या दिवसात पडली त्याच दिवशी, म्हणजे वरच्या उदाहरणात ६:५० नंतर. मी तरी असंच सांगतो. आमच्या गावचे जोशी दुसरा दिवस धरायचे.

रेवती: २०२३ ला दोन पौर्णिमा होत्या, १ ऑगस्टची अधिक आणि महिनाअखेरची निज. आम्ही अधिक धरली. सासूबाई अजून म्हणतात, औक्षण निजातच हवं होतं.